गावकीतली मिटवामिटवी आणि कायद्यातली तडजोड

मारहाणीची आणि जातिवाचक शिवीगाळीची फिर्याद दाखल झाली की वस्तीत पुढे काय घडते, याचा क्रम आता जवळजवळ ठरून गेला आहे. पहिले चार दिवस पोलिसांची ये-जा असते, पंचनामा होतो, तालुक्याला निवेदन दिले जाते. आठव्या-दहाव्या दिवशी निरोप येतो. निरोप घेऊन येणारा माणूस गावातला मातब्बर क्वचितच असतो. दोन्हीकडे ऊठबस असलेला, वस्तीतलाच कोणीतरी असतो. तो म्हणतो, “एका गावात राहायचं आहे, मिटवून टाका.” मग कोणाच्या तरी ओट्यावर बैठक बसते, स्टँपपेपर येतो, त्यावर ‘आमचा वाद आपसांत मिटला असून आमची काही तक्रार नाही’ असे लिहिले जाते, फिर्यादीचा अंगठा किंवा सही होते आणि काही रक्कम हातात पडते.

पुढे काही महिन्यांनी विशेष न्यायालयाचे समन्स दारात येते. फिर्यादी गोंधळतो, “आम्ही तर मिटवलं होतं ना!” आरोपी खवळतो, “पैसे घेऊन फसवलं.” दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, कारण दोघांनाही कोणी सांगितलेले नसते की त्या कागदाने खटल्याचे पानही हललेले नाही. उलट त्या कागदाने फिर्यादीला एका नव्या अडचणीत टाकलेले असते. ती अडचण कोणती, कोणता गुन्हा खरोखर मिटवता येतो, कोणता येत नाही, आणि ‘अॅट्रॉसिटी’च्या खटल्यात तडजोडीला नेमकी किती जागा आहे, हे एका उदाहरणातून पाहू.

मूळ मुद्दा असा. शेताच्या बांधाचा दिवाणी दावा हा दोन माणसांचा असतो. त्यांनी ठरवले की तो संपतो. फौजदारी खटला मात्र दोन माणसांचा नसतो. फिर्याद कोणीही दिलेली असो, खटल्याच्या शीर्षकात एका बाजूला ‘महाराष्ट्र शासन’ असते. फिर्यादी हा त्या खटल्यातला साक्षीदार असतो, मालक नसतो. म्हणून पोलिसांनी नोंदवलेली फिर्याद ‘मागे घेतो’ असे म्हणून ती मागे जात नाही. ठाण्यात तसा जबाब लिहून दिला तरी पोलिसांनी तपास करून न्यायालयाला अहवाल द्यायचाच असतो.

या नियमाला कायद्याने तीन दारे ठेवली आहेत. पहिले तडजोडीचे, काही ठरावीक गुन्हे ज्याच्यावर झाले त्याला ते मिटवता येतात. दुसरे सरकारी वकिलाचे. तो न्यायालयाच्या संमतीने खटला काढून घेऊ शकतो. तिसरे उच्च न्यायालयाचे. ते आपल्या अंगभूत अधिकारात फिर्याद आणि खटला रद्दबातल करू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही दारे अनुक्रमे कलम ३५९, ३६० आणि ५२८ मध्ये आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती ३२०, ३२१ आणि ४८२ होती, आणि जुन्या खटल्यांच्या कागदांवर तेच आकडे दिसतील. बोलताना आपण तिन्हींना ‘मिटलं’ हा एकच शब्द वापरतो आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते.

आता उदाहरण घेऊ. ते रचलेले आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील आपल्या ओळखीचा आहे. मराठवाड्यातल्या एका गावात वस्तीतल्या एका मजुराची दोन एकर जमीन आहे. तिच्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवरून शेजारच्या सवर्ण शेतकऱ्याशी वाद आहे. एके सकाळी तो शेतकरी, त्याचे दोन मुलगे आणि पुतण्या असे चौघे वाट अडवतात. रस्त्यावर, लोकांदेखत, जातीचे नाव घेऊन शिव्या देतात. मजुराला लाथाबुक्क्यांनी मारतात, त्यात त्याच्या मनगटाचे हाड मोडते. सोडवायला आलेल्या बायकोच्या थोबाडीत मारतात. ‘पुन्हा या वाटेने आलात तर बघून घेऊ’ अशी धमकी देतात. दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याकडूनही फिर्याद येते की मजुराने त्याच्या विहिरीवरची वायर चोरली आणि जाब विचारला तर मारले.

मजुराच्या फिर्यादीवर कलमे लागतात ती अशी. भारतीय न्याय संहितेचे ११५(२), म्हणजे साधी दुखापत, बायकोच्या बाबतीत. ११७(२), म्हणजे जबर दुखापत, कारण हाड मोडणे कायद्याने जबर दुखापतीत मोडते. ३५२, म्हणजे शांतताभंग व्हावा अशा हेतूने केलेला अपमान. ३५१(२), म्हणजे धमकी. आणि अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ ची तीन कलमे. ३(१)(आर), लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे. ३(१)(एस), लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ. आणि ३(२)(व्हीए), अनुसूचित जातीतल्या व्यक्तीवर, ती तशी आहे हे माहीत असताना, दुखापत-धमकीसारखा परिशिष्टात दिलेला गुन्हा करणे.

कलम ३५९ मध्ये दोन तक्ते आहेत. पहिल्या तक्त्यातले गुन्हे न्यायालयाच्या परवानगीवाचून मिटवता येतात. दोघांनी न्यायालयात येऊन तसे सांगायचे, न्यायालयाने नोंद करायची. साधी दुखापत, अपमान, धमकी, अतिक्रमण, चोरी हे गुन्हे या तक्त्यात आहेत. दुसऱ्या तक्त्यातले गुन्हे न्यायालयाने परवानगी दिली तरच मिटतात. जबर दुखापत यात येते. मिटवण्याचा अधिकार कोणाला, हेही तक्त्यात प्रत्येक गुन्ह्यापुढे लिहिलेले आहे. दुखापत ज्याला झाली तो, चोरी झाली त्या वस्तूचा मालक. सरपंच, तंटामुक्त समितीचा अध्यक्ष, भावकीतला वडीलधारा यांना तो अधिकार नाही. आपल्या उदाहरणात बायकोला झालेल्या मारहाणीची तडजोड नवऱ्याच्या सहीने होत नाही. ती बायकोनेच करायची. अशी तडजोड न्यायालयात नोंदली गेली की तिचा परिणाम आरोपी निर्दोष सुटल्यासारखा असतो. त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही.

तक्त्यात जो गुन्हा नाही तो या कलमाखाली मिटत नाही. कलमातच तसे स्पष्ट म्हटले आहे. येथे तर्कापेक्षा यादी पाहावी लागते. लाथाबुक्क्यांनी हाड मोडले तर ती जबर दुखापत परवानगीने मिटू शकते. पण विळ्याने किंवा तशाच घातक हत्याराने साधी जखम केली तर ते कलम ११८(१) होते आणि ते कोणत्याच तक्त्यात नाही. जुन्या संहितेत त्याचा जोडीदार ३२४ पूर्वी मिटवता येत असे; दुरुस्तीने २००९ च्या अखेरीपासून तो यादीतून काढला गेला. तेव्हा ‘गुन्हा किरकोळ आहे, मिटेल’ असा अंदाज बांधू नये. दोषारोपपत्रातली कलमे समोर ठेवून एकेक तपासावे.

या तक्त्यांत फक्त भारतीय न्याय संहितेतले गुन्हे आहेत. विशेष कायद्याखालचा गुन्हा मिटवता यायचा असेल तर त्या कायद्यानेच तशी मुभा द्यावी लागते. चेक न वटल्याच्या गुन्ह्याला त्याच्या कायद्याच्या कलम १४७ ने ती दिली आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अशी मुभा देणारे एकही कलम नाही. म्हणून आपल्या मजुराच्या खटल्यातली शेवटची तीन कलमे ना विशेष न्यायालयात मिटू शकत, ना गावात. त्यातही ३(२)(व्हीए) मुळे साधी दुखापतसुद्धा या कायद्याच्या कक्षेत ओढली जाते. तक्त्यातले कलम तक्त्यात असूनही खटला संपत नाही, तो यामुळे.

आता शेतकऱ्याची उलट फिर्याद पाहा. चोरी आणि साधी दुखापत. दोन्ही पहिल्या तक्त्यात, परवानगीचीही गरज नाही. म्हणजे बैठकीत ‘तुम्ही तुमची मागे घ्या, आम्ही आमची घेतो’ असे जे समतोल वाटणारे बोलणे होते, त्यात समतोल नसतो. त्यांची फिर्याद ते कोणत्याही तारखेला मिटवू शकतात, म्हणून ती शेवटपर्यंत हातात धरून ठेवणे त्यांना परवडते. मजुराला मात्र आधी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. त्याचा खटला रद्द झाल्यावर त्यांनी चोरीचा खटला चालूच ठेवला, तर ओट्यावरचा कागद दाखवून काही उपयोग होत नाही. तडजोड करायचीच असेल तर दोन्ही खटले रद्द करण्याचे अर्ज एकत्र, एकाच तारखेला उच्च न्यायालयापुढे यावेत. निदान त्यांची तडजोड खालच्या न्यायालयात आधी नोंदली जावी आणि तिची प्रत आपल्या हातात यावी.

त्या कागदाचा दुसरा धोका पैशाचा आहे. गुन्हेगाराला शिक्षेपासून वाचवण्यासाठी, त्याच्यावर कारवाई न करण्याच्या बदल्यात पैसे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २५० खाली गुन्हा आहे. देणे हा २५१ खाली. जो गुन्हा कायद्याने मिटवता येतो त्याला हे लागू नाही, असा अपवाद तिथेच दिलेला आहे. याचा सरळ अर्थ असा की साध्या दुखापतीची भरपाई घेऊन ती मिटवली तर काही बिघडत नाही, पण न मिटणाऱ्या गुन्ह्यात साक्ष न देण्यासाठी गुपचूप रक्कम घेतली तर फिर्यादी स्वतः आरोपी होऊ शकतो. खटला दाबण्यासाठी केलेला असा करार करार-कायद्यानेही अवैध ठरतो. ठरलेली रक्कम दिली नाही म्हणून दाद मागता येत नाही. भरपाई ठरलीच असेल तर ती उच्च न्यायालयापुढच्या अर्जात उघड लिहिलेली असावी आणि न्यायालयाच्या नजरेखाली दिली जावी.

न मिटणाऱ्या गुन्ह्यात गावाने काढलेली वाट म्हणजे साक्षीदार फितूर होणे. ‘कोर्टात सांग, मला काही आठवत नाही.’ फिर्यादी तसे सांगतो, सरकारी वकील त्याला फितूर ठरवून त्याचीच उलटतपासणी घेतो, आरोपी सुटतात. वरवर पाहता मिटले. पण शपथेवर खोटे बोलल्याची टांगती तलवार फिर्यादीच्या डोक्यावर राहते. ‘हा कायदा खोट्या फिर्यादींसाठी वापरला जातो’ म्हणणाऱ्यांच्या आकड्यात आणखी एक निर्दोष सुटका जमा होते, ती वेगळीच.

दुसरे दार, सरकारी वकिलाने खटला काढून घेण्याचे, फिर्यादीच्या हातात नाही. ते आंदोलनांवरच्या खटल्यांत अधिक वापरले जाते. नव्या संहितेने त्यात एक बरी भर घातली आहे. पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून न्यायालयाला अशी संमती देता येत नाही.

उरले तिसरे दार. उच्च न्यायालय कलम ५२८ खाली खटला रद्दबातल करते तेव्हा ते गुन्हा ‘मिटवत’ नाही. न्यायाच्या हेतूसाठी हा खटला पुढे चालणे योग्य आहे का, असा प्रश्न ते स्वतःला विचारते. तडजोड हे त्या उत्तरातले एक कारण असते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१२ साली ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात हा फरक स्पष्ट केला. तक्त्यात नसलेला गुन्हाही उच्च न्यायालय रद्द करू शकते, पण खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे पक्षकारांनी कितीही हात मिळवले तरी रद्द करू नयेत, कारण ते समाजाविरुद्धचे गुन्हे आहेत. ज्यात दिवाणी व्यवहाराचा, कौटुंबिक कलहाचा अंश मोठा आहे अशा खटल्यांत हा अधिकार वापरावा. विवाहितेच्या छळाचे कलम ८५, म्हणजे जुने ४९८-अ, महाराष्ट्रात कोणत्याच तक्त्यात नाही. तरीही नवरा-बायकोच्या समझोत्यानंतर असे खटले उच्च न्यायालयात रद्द होतात, ते या वाटेने.

२०१४ च्या नरिंदर सिंग निकालाने वेळेचे महत्त्व सांगितले. तपास चालू असताना किंवा दोषारोपपत्रानंतर पण पुरावा सुरू होण्यापूर्वी तडजोड झाली तर न्यायालय अधिक उदार असू शकते. साक्षी झाल्यावर, निकाल जवळ आल्यावर सहसा नाही. आरोपीच्या वकिलाची घाई अनेकदा यातून येते. फिर्यादीला मात्र ती घाई ‘गावाच्या शांततेसाठी’ म्हणून सांगितली जाते.

मग अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे काय? २५ ऑक्टोबर २०२१ रोजी रामावतार विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी याचे उत्तर दिले. घटना १९९४ ची होती. शेजाऱ्यांमधला जमिनीचा वाद, त्यात वीट फेकून मारल्याचा आणि जातीवरून शिवीगाळ केल्याचा आरोप, खालच्या न्यायालयात सहा महिन्यांची शिक्षा, उच्च न्यायालयात ती कायम. सर्वोच्च न्यायालयात अपील चालू असताना दोन्ही बाजूंनी तडजोड केली आणि न्यायालयाने खटला संपवला. या निकालाचा उल्लेख आता प्रत्येक अर्जात असतो. पण त्यातली अर्धीच बाजू सांगितली जाते. न्यायालयाने म्हटले की हा कायदा अनुसूचित जाती-जमातींना अपमान आणि छळापासून वाचवण्यासाठी आहे, म्हणून अशा खटल्यात न्यायालयाने विशेष सावध असावे. गुन्हा मुळात खाजगी वा दिवाणी स्वरूपाचा असेल, किंवा तो जातीच्या कारणाने घडलेला नसेल, तर रद्द करता येईल. तडजोडीमुळे रद्द करताना, शिक्षा न झाल्याने कायद्याचा हेतू उणावत नाही अशी खात्री पटली पाहिजे. आणि सक्तीचा, दडपणाचा नुसता सुगावा लागला तरी आरोपीला दिलासा देऊ नये.

आपल्या मजुराच्या खटल्याला हे लावून पाहा. आरोपीचा वकील म्हणेल, वाद वाटेचा आहे, जातीचा नाही, रामावतारसारखेच आहे. याला उत्तर दोषारोपपत्रातच शोधावे लागते. वाटेचा वाद गावात इतरांशीही आहे का? इतरांशी वाद झाला तेव्हा तो तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे गेला आणि मजुराच्या बाबतीतच लाथाबुक्क्यांवर आला का? शिवी रागाच्या भरात तोंडून निघाली की चौघे मिळून, ठरवून, लोकांना ऐकू जाईल अशी दिली? पूर्वीच्या तक्रारी आहेत का? या प्रश्नांची उत्तरे सरकारी वकिलाच्या हातात असतील तरच तो न्यायालयाला सांगू शकेल की जमीन हे निमित्त होते. कार्यकर्त्यांनी भाषणापेक्षा हे कागद वेळेवर पोचवणे अधिक उपयोगाचे.

उच्च न्यायालयातली कृती साधारण अशी असते. अर्ज आरोपी करतात. प्रतिवादी क्रमांक एक महाराष्ट्र शासन, क्रमांक दोन मूळ फिर्यादी. फिर्यादी प्रतिज्ञापत्र देतो की त्याची हरकत नाही. बहुधा त्याला न्यायमूर्तींसमोर किंवा निबंधकासमोर प्रत्यक्ष उभे राहावे लागते, ओळख पटवली जाते, स्वखुशीने आलात का, असे विचारले जाते. सरकारी वकिलाचे म्हणणे ऐकले जाते. या क्रमात फिर्यादीच्या हाताशी तीन गोष्टी असतात आणि तिन्ही बहुधा वाया जातात.

पहिली, वकील. आरोपीच्या वकिलानेच फिर्यादीचा वकील ‘बघून दिला’ असेल, त्याची फी आरोपीने दिली असेल, तर ती तडजोड एकतर्फी आहे हे ओळखावे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

दुसरी, प्रतिज्ञापत्राची भाषा. ते इंग्रजीत टाईप केलेले येते आणि त्यात बहुधा एक वाक्य असते की घटना गैरसमजातून सांगितली गेली, असे काही घडलेच नव्हते. हे वाक्य कापून टाकावे. तडजोडीसाठी त्याची गरज नाही. ‘घटना घडली, आता मला खटला पुढे चालवायचा नाही’ एवढे पुरेसे आहे. उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला तर खटला खाली चालू राहतो, आणि ‘घडलेच नव्हते’ हे वाक्य उलटतपासणीत फिर्यादीसमोर धरले जाते. ते मान्य केले तर फिर्याद खोटी, नाकारले तर प्रतिज्ञापत्र खोटे.

तिसरी, न्यायमूर्तींचा प्रश्न. तो औपचारिक नसतो. दडपण असेल तर ते तिथे सांगता येते आणि सांगितले की अर्ज तिथेच अडतो. पण गिरणी बंद, किराणा बंद, मजुरी बंद अशा अवस्थेत निघून दोनशे किलोमीटरवर आलेला माणूस आरोपीच्याच जीपमध्ये बसून आला असेल, तर तो काय सांगणार? त्यासाठी आधीची तयारी लागते. सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे किंवा त्याची धमकी देणे हा याच कायद्याच्या कलम ३(१)(झेडसी) खाली स्वतंत्र गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५-अ प्रमाणे पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवास व निर्वाह खर्च आणि गरज पडल्यास स्थलांतर देणे ही शासनाची जबाबदारी आहे. गिरणी कोणत्या तारखेला बंद झाली, मजुरी कोणी नाकारली, निरोप घेऊन कोण आले, याची तारीखवार वही ठेवावी आणि त्यावरून लेखी तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षक व विशेष न्यायालयाला द्यावी. प्रतिज्ञापत्राची तारीख आणि बहिष्काराची तारीख शेजारी ठेवल्यावर न्यायालयाला फार काही समजावून सांगावे लागत नाही.

शासकीय अर्थसाहाय्याचाही हिशेब तडजोडीआधी करावा. ३(१)(आर) सारख्या गुन्ह्यात नियमाप्रमाणे एक लाख रुपये मिळतात. २५ टक्के फिर्याद नोंदवल्यावर, ५० टक्के दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि २५ टक्के खालच्या न्यायालयात शिक्षा झाल्यावर. खटला रद्द झाला की शेवटचा हप्ता उरत नाही.

काही गुन्ह्यांत मात्र चर्चेला बसायचेच नाही. बलात्काराच्या खटल्यात तडजोडीला कोणत्याही स्थितीत जागा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली मदनलाल प्रकरणात बजावले. बालकांच्या बाबतीत बापाची सही चालत नाही, हे ७ नोव्हेंबर २०२४ च्या रामजीलाल बैरवा निकालाने दाखवले. राजस्थानात एका शिक्षकावर शाळकरी मुलीच्या लैंगिक छळाची फिर्याद होती. मुलीच्या बापाने ‘गैरसमज झाला’ असे लिहून दिले आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने खटला रद्द केला. त्या कुटुंबाने नव्हे, तर घटनेशी थेट संबंध नसलेल्या माणसांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने त्यांचे अपील ऐकले, तडजोड बाजूला सारली आणि खटला पुन्हा उभा केला. कुटुंब दडपणाखाली गप्प बसले तरी सगळी दारे बंद होत नाहीत, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

यावरून तडजोड म्हणजे नेहमी शरणागतीच असे म्हणायचे नाही. दोन एकरांची वाट कायमची मोकळी होणार असेल, ती तहसीलदारापुढे नोंदली जाणार असेल, उलट फिर्याद संपणार असेल, आणि आठ वर्षे तालुक्याच्या फेऱ्या मारण्यापेक्षा आपल्या मजुराला आणि त्याच्या बायकोला ते अधिक मोलाचे वाटत असेल, तर तो निर्णय त्यांचा आहे. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने त्यांच्या अंगावर लढा लादू नये. मात्र सही होण्यापूर्वी, आरोपीचे माणूस समोर नसताना, दोघांनाही वेगवेगळे बसवून विचारावे: उद्या गिरणी सुरू झाली, मजुरी मिळाली, तरीही हेच कराल का? उत्तर ‘नाही’ आले, तर वही काढून तारखा लिहायला बसावे. प्रतिज्ञापत्र दुसऱ्या दिवशी करू नये.